सीनियर क्वालिटी इंजिनिअर पदासाठी पगाराची अपेक्षा आणि मंजूर बँड: गुरुवारच्या फेरीआधी कळवायचं होतं

नमस्कार स्नेहल,

तुम्ही फॉर्ममध्ये 22 लाख फिक्स्डची अपेक्षा भरली आहे. या पदाला मंजूर असलेला फिक्स्डचा बँड 14 ते 18.5 लाख आहे. म्हणजे तुमचा आकडा बँडच्या वरच्या टोकाच्याही साडेतीन लाख पुढे जातो. गुरुवारी, 18 जूनला प्लँटवरची शेवटची फेरी आहे. त्यासाठी तुम्हाला पूर्ण दिवसाची रजा टाकावी लागेल, म्हणून हे आधीच सांगते आहे. फेरी झाल्यावर पगाराची घासाघीस करू, या भरवशावर तुम्हाला बोलावणं मला पटत नाही.

आधीच्या दोन्ही फेऱ्या चांगल्या झाल्या. सप्लायरकडच्या ऑडिटबद्दल तुम्ही जे सांगितलं, ते पॅनेलने फीडबॅकमध्ये वेगळं नोंदवलं आहे. त्यामुळे आकडा कमी आहे याचा अर्थ तुमच्याबद्दल शंका आहे असा लावू नका.

आम्ही जास्तीत जास्त 17.8 लाख फिक्स्डपर्यंत जाऊ शकतो. 18.5 का नाही, हा प्रश्न येणारच. बँडच्या टोकाला घेतलेल्या माणसाला पुढच्या एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटसाठी जागाच उरत नाही, शिवाय त्याच ग्रेडवर आधीपासून काम करणाऱ्यांच्या पगाराशी मेळ घालावा लागतो. 17.8 च्या वर जायला बिझनेस हेड आणि कॉम्पेन्सेशन टीम अशा दोघांची मंजुरी लागते. तुमच्यासाठी ती मी मागून पाहिली. उत्तर नाही असं आलं.

वरच्या ग्रेडवर घेता येईल का, हेही विचारलं. तिथला बँड 24 लाखांपर्यंत जातो, पण त्या पदाला किमान पाच जणांची टीम सांभाळल्याचा अनुभव लागतो. तुमचं आतापर्यंतचं काम स्वतंत्र जबाबदारीचं आहे, टीमचं नाही. नुसतं ग्रेडचं नाव बदलून पगार बसवला तर पहिल्याच अप्रेझलमध्ये तुमचं मोजमाप टीम लीडच्या निकषांवर होईल आणि त्यात तोटा तुमचाच आहे.

17.8 लाखांचा हिशेब असा. आमच्याकडे बेसिक फिक्स्डच्या 50 टक्के असतो, म्हणजे वर्षाला 8.9 लाख. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,06,800 रुपये, हा कंपनीचा पीएफचा वाटा. तो फिक्स्डमध्येच धरलेला आहे. तो वजा केला की महिन्याचा ग्रॉस साधारण 1,39,430 रुपये होतो. त्यातून तुमचा पीएफ 8,900 जातो आणि 1,30,530 च्या आसपास उरतात. यातून आयकर आणि व्यवसाय कर कापला जाईल. ग्रॅच्युइटी आणि मेडिकल इन्शुरन्सचा प्रीमियम आम्ही या आकड्यात धरत नाही, ते वेगळे.

व्हेरिएबल फिक्स्डच्या 10 टक्के, म्हणजे पूर्ण मिळाला तर 1.78 लाख. गेल्या दोन वर्षांत या ग्रेडला तो पूर्ण मिळालेला नाही. एका वर्षी 80 टक्के मिळाला, एका वर्षी 92. घरखर्चाचं गणित त्यावर बसवू नका.

जॉइनिंग बोनस 1.5 लाख देता येईल. तो पहिल्या पगारासोबत येतो, त्यावर कर लागतो आणि 12 महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर पूर्ण परत करावा लागतो. फिक्स्ड, व्हेरिएबल आणि बोनस यांची बेरीज 21.08 लाख होते, म्हणजे तुमच्या 22 च्या जवळ. ही बेरीज दाखवून मी तुमची समजूत घालणार नाही. बोनस एकदाच मिळतो आणि दुसऱ्या वर्षी तो नसतो.

फोनवर तुम्ही म्हणालात की दुसऱ्या कंपनीने 22 लाख देऊ केले आहेत. ते पत्र हातात आलं असेल तर त्याच्यासोबतची पगाराची फोड उघडून चार ओळी बघा: व्हेरिएबल किती, कंपनीचा पीएफ आत आहे का, ग्रॅच्युइटी धरली आहे का (असेल तर बेसिकच्या 4.81 टक्के अशी दिसेल), आणि इन्शुरन्स किंवा कँटीनसारखे खर्च मिळवले आहेत का. 22 लाख हा सीटीसी असेल आणि त्यात 15 टक्के व्हेरिएबल असेल, तर 3.3 लाख तिथेच बाजूला निघतात आणि उरतात 18.7. त्यातून ग्रॅच्युइटी आणि इन्शुरन्स काढले की फरक बराच कमी होतो. पण ते 22 लाख खरोखरच फिक्स्ड असतील, तर आम्ही त्याच्या जवळपासही येऊ शकत नाही आणि तसं मी सरळ मान्य करते.

‘सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू’ असं आश्वासनही देत नाही, कारण तशी तरतूद आमच्याकडे नाही. इन्क्रिमेंट एप्रिलमध्येच होतं. 30 सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांना पुढच्या एप्रिलमध्ये महिन्यांच्या प्रमाणात इन्क्रिमेंट मिळतं. 1 ऑक्टोबरनंतर आलेल्यांना थेट त्याच्या पुढच्या वर्षी. तुमचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. गुरुवारची फेरी जमली आणि ऑफर लेटर 25 जूनला हातात आलं, तर 26 ला राजीनामा दिल्यावर नोटीस 24 सप्टेंबरला संपते. जेमतेम सहा दिवस हाताशी राहतात. हँडओव्हर लांबला की इन्क्रिमेंट वर्षभर पुढे गेलं म्हणून समजा. यासाठी 15 दिवसांपर्यंतचा नोटीस बायआउट मी मंजूर करून घेतला आहे. फक्त तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये तो बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर, ते बघून ठेवा. आम्ही रकमेची पावती पाहून पगारातून भरपाई देतो, आणि त्यावरही कर कापला जातो. लेखी ऑफर हातात येण्याआधी मात्र राजीनामा देऊ नका, आमच्यासाठीसुद्धा नाही.

मंगळवार, 16 जूनला संध्याकाळी 6 पर्यंत दोन ओळींचं उत्तर पाठवलंत तरी चालेल. 17.8 लाखांवर विचार करायची तयारी असेल तर गुरुवारची वेळ आहे तशीच ठेवते. तयारी आहे म्हणजे ऑफर स्वीकारली असं मी धरणार नाही. प्लँट पाहून, मॅनेजरशी बोलून नाही म्हणण्याची मोकळीक तुम्हाला आहेच. फॉर्ममधला 22 चा आकडा बदलू नका. तो तुमचा आहे, मी त्याच्या शेजारी आमचं उत्तर नोंदवते.

17.8 जमणार नसेल तर तसं कळवा, कारण विचारणार नाही. तुमचा अर्ज मी ‘पगार जुळला नाही’ या नोंदीने बंद करेन. ‘निवड झाली नाही’ अशी नोंद झाली तर आमच्या सिस्टीममध्ये सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. या नोंदीला ती अट लागत नाही, त्यामुळे वरच्या ग्रेडची किंवा दुसऱ्या प्लँटची जागा निघाली तर तुम्हाला लगेच अर्ज करता येईल.

हिशेबातलं काही अडलं तर उद्या किंवा सोमवारी 11 ते 1 मध्ये फोन करा. दुसऱ्या ऑफरची फोड मला पाठवण्याची गरज नाही. ओळी वाचून दाखवल्यात तरी कुठली रक्कम कशात मोडते ते सांगेन.

केतकी
टॅलेंट अॅक्विझिशन