दूध संकलन ॲपचे संदेश : नवा मजकूर

प्रति : ॲप टीम, संकलन विभाग आणि सर्व केंद्रांचे सचिव

खाली ॲपमधल्या संदेशांचा नवा मजकूर आहे. आधी जुना संदेश, त्याखाली नवा. आकडे आणि तारखा नमुन्याच्या आहेत, त्या जागी खरी नोंद येईल. मजकूर मात्र जसाच्या तसा चढवावा. एखादा बदलायचा असेल तर आधी मला फोन करा, परस्पर ‘कृपया’ घालू नका.

हे संदेश कोण वाचतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. पहाटे धार काढून, किटली घेऊन डेअरीवर आलेला माणूस. मागे रांग लागलेली. हात ओले, फोन बहुतेक वेळा घरच्या पोराच्या हातात. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात : माझं दूध लागलं का, पैसे किती, आणि काही अडलंच तर कुणाला भेटू. या तीनपैकी एकाचंही उत्तर न देणारा संदेश पाठवूच नये.

रोजची पावती

जुना : संकलन नोंद यशस्वीरीत्या जतन करण्यात आली आहे.
नवा : सकाळचं दूध लागलं. गाय, 8.4 लिटर. फॅट 3.8, एसएनएफ 8.5. दर ₹35.20. झाले ₹295.68.

एसएमएससाठी वेगळा मजकूर आहे. देवनागरी एसएमएस 70 अक्षरांचा, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘रक्कम’ म्हणजे पाच. 70 च्या पुढे गेलं की एकाचे दोन एसएमएस होतात आणि खर्चही दुप्पट. म्हणून :

सकाळ गाय 8.4 लि. फॅट 3.8 एसएनएफ 8.5 दर 35.20 रक्कम ₹295.68

हे 58 भरतं. पाच आकडी रक्कम आली तरी बसेल. डीएलटीवर हाच मजकूर मंजुरीला टाका. तिथे एकदा मंजूर झाला की एक शब्द बदलायलाही पुन्हा अर्ज करावा लागतो, तेव्हा आत्ताच नीट वाचून घ्या.

दूध परत गेलं तर

सगळ्यात जास्त भांडणं याच संदेशांवरून होतात.

जुना : त्रुटी 14. नमुना अस्वीकृत. भेसळ संशयित.

हा आजपासून बंद. एसएनएफ कमी लागला म्हणजे पाणी घातलं असं होत नाही. कासेला दगडी असेल, खाणं कमी पडलं असेल, उन्हाचा ताण असेल, तरी एसएनएफ उतरतो. मशीनला दिसतो तो आकडा. चोरीचा आळ आपण त्या आकड्यावर चढवतो, आणि तोही भर रांगेत. आकडा सांगा, आळ नको.

नवा : आज एसएनएफ 7.9 लागला. आपल्याकडे गायीच्या दुधाला किमान 8.2 लागतो, म्हणून हे दूध घेता आलं नाही. सँपल पुन्हा तपासून हवं असेल तर आत्ताच काउंटरवर सांगा, तुमच्यासमोर तपासतील.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं तर रात्री 8 वाजता, गर्दी नसताना, हा जावा :

दोन दिवस एसएनएफ कमी लागतोय. कास गरम किंवा कडक लागते का, धारेत गाठी येतात का, ते पाहा. शंका वाटली तर 1962 ला फोन करा, जनावरांच्या डॉक्टरांची गाडी घरी येते.

दूध फाटलं असेल तर :

जुना : सीओबी पॉझिटिव्ह. नाकारले.
नवा : तापवून पाहिलं तेव्हा दूध फाटलं, म्हणून 8.4 लिटर परत दिलं आहे. रात्रीचं दूध यात मिसळलं असेल तर पुढच्या वेळी वेगळ्या किटलीत आणा. एक फाटलं तरी दुसरं वाचतं.

औषधाचा अंश सापडला तर या संदेशात कसलीही सवलत नाही, पण आवाज चढवायचीही गरज नाही :

दुधात औषधाचा अंश आला आहे. हे दूध घेता येत नाही, घरीही वापरू नका. जनावराला इंजेक्शन किंवा कासेत ट्यूब दिली असेल तर किती दिवस दूध घालायचं नाही ते औषधाच्या खोक्यावर असतं. डॉक्टरांना विचारून आम्हाला सांगा, तेवढे दिवस त्या गाईचं दूध वेगळं ठेवा.

‘आम्हाला सांगा’ मुद्दाम ठेवलं आहे. आधी कळवणाऱ्याला दंड लावायचा नाही असं संकलन विभागानं मान्य केलं आहे. उद्या तो नियम फिरला तर हे वाक्य त्याच दिवशी काढा.

काउंटरवरचा स्क्रीन

हे संदेश फक्त केंद्र चालकाला दिसतात. त्याला मशीन ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात.

जुना : डिव्हाइस आढळले नाही.
नवा : काट्याचं वजन येत नाही. वायर काढून पुन्हा लावा. तरी नाही आलं तर वजन हाताने टाका, पावतीवर ‘हाताने’ असं आपोआप छापलं जाईल.

जुना : अवैध नमुना. पुन्हा प्रयत्न करा.
नवा : मिल्को टेस्टरला सँपल नीट मिळालं नाही. बहुतेक हवेचे बुडबुडे आहेत. सँपल हळू हलवून पुन्हा लावा.

जुना : सर्व्हर प्रतिसाद देत नाही. डेटा समक्रमण प्रलंबित.
नवा : नेट नाही. मापं याच मशीनवर जमा होत आहेत, एकही हरवलेलं नाही. रांग चालू ठेवा. नेट आलं की आपोआप वर जातील.

त्याच वेळी शेतकऱ्याच्या फोनवर काहीच येत नाही आणि तो काउंटरवर येऊन ‘माझं दूध दिसत नाही’ म्हणतो. म्हणून पावती छापताना तळाशी एक ओळ : नेट नसल्यामुळे मोबाइलवर उशिरा दिसेल. ही पावती जपून ठेवा.

जुना : अवैध सदस्य कोड.
नवा : 412 नंबरचं खातं या केंद्रावर नाही. कार्डावरचा नंबर पुन्हा पाहा. दुसऱ्या केंद्राचे सभासद असतील तर ‘पाहुणा’ दाबा.

बिल आणि बँक

जुना : आपले देयक निर्माण झाले आहे.
नवा : 1 ते 10 जुलैचं बिल तयार आहे. दुधाचे ₹5,912. पशुखाद्य 2 पोती ₹3,000 आणि ॲडव्हान्सचा हप्ता ₹1,000 वजा. हातात ₹1,912. शुक्रवारी 12 जुलैला खात्यात जमा होतील.

कपात आधी पोटात घालून नुसते ₹1,912 सांगायचे नाहीत. मग लोक विचारतात, बाकीचे कुठे गेले, आणि सचिव अर्धा दिवस वही उघडून बसतात. ‘पोतं’ आणि ‘पोती’ यांची काळजी कोडमध्ये घ्या, ‘1 पोती’ असं दिसता कामा नये :

```xml
<plurals name="feed_bags">
  <item quantity="one">पशुखाद्य %d पोतं</item>
  <item quantity="other">पशुखाद्य %d पोती</item>
</plurals>
```

जुना : व्यवहार अयशस्वी. प्रशासकाशी संपर्क साधा.

प्रशासक कोण, ते आजवर कुणालाही सापडलेलं नाही. शिवाय पैसे बुडाले की अडकले, हेही यात कळत नाही. बँक कारण पाठवते, आपण ते गिळून टाकतो. कारणाप्रमाणे तीन संदेश करा.

आयएफएससी जुना असेल तर : ₹1,912 बँकेतून परत आले. पैसे संघाकडे तुमच्या नावावर जमा आहेत. तुमच्या बँकेचा आयएफएससी बदललेला दिसतो; बँक दुसऱ्या बँकेत गेली की असं होतं. नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो केंद्रावर सचिवांना द्या. पुढच्या दोन दिवसांत पैसे पुन्हा पाठवू.

(सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात गेली, देना बँक त्याच्या आदल्या वर्षी बडोद्यात. आपल्याकडे अजून त्या नावाची पासबुकं चालू आहेत, म्हणून हा संदेश वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा जाईल.)

खातं बंद पडलं असेल तर : ₹1,912 परत आले. पैसे संघाकडे जमा आहेत. दोन वर्षं व्यवहार न झाल्यामुळे बँकेने खातं थांबवलं आहे. आधार आणि पॅन घेऊन शाखेत जा आणि ‘केवायसी करून खातं चालू करा’ असं सांगा. चालू झालं की केंद्रावर कळवा. तोवर दुसरं खातं द्यायचं असेल तर तेही चालेल.

नाव जुळत नसेल तर : ₹1,912 पाठवले नाहीत. सभासद नोंदीवरचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं आहे. पैसे संघाकडे जमा आहेत. सचिवांना पासबुक दाखवा, नाव तिथेच दुरुस्त होईल.

तिन्हीत ‘पैसे संघाकडे जमा आहेत’ आहे. ते काढायचं नाही, कितीही लांब झालं तरी.

लॉगिन

जुना : प्रमाणीकरण अयशस्वी. शिल्लक प्रयत्न : 2.
नवा : हा ओटीपी जुळला नाही. दोन एसएमएस आले असतील तर शेवटचा टाका.

जुना : खाते अवरोधित.
नवा : सुरक्षेसाठी ॲप अर्धा तास बंद ठेवलं आहे. दूध घालायला काही अडचण नाही, माप नेहमीसारखं लागेल.

ओटीपीच्या एसएमएसमध्ये शेवटी : डेअरीतून कुणीही हा नंबर फोनवर विचारत नाही. फसवणूक झालीच असेल तर तो पडदा वेगळा आहे, त्यावर एवढंच : लगेच 1930 ला फोन लावा, मग बँकेला.

सूचना

‘आम्हाला तुमची आठवण येते’ ही सूचना काढून टाकली आहे. गाय आटली की दूध बंद होतं, त्यात आठवणीचा काय संबंध! त्याऐवजी सलग 15 दिवस दूध आलं नाही तर एकदाच :

तुमचं दूध 15 दिवस आलेलं नाही. गाय आटली असेल तर काही करायचं नाही. वेल्यावर याच नंबरवर सुरू होईल.

कानातल्या बिल्ल्याची आठवण :

जुना : पशुधन टॅगिंग अनिवार्य. अपूर्ण प्रोफाइल.
नवा : तुमच्या एका गाईचा बिल्ला नंबर नोंदलेला नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे 12 आकडे इथे टाका किंवा फोटो पाठवा. 2024 मध्ये सरकारी अनुदान याच नोंदीवर मिळालं होतं.

दर बदलला की सूचना आदल्या रात्री जावी, सकाळी काउंटरवर कळू नये : उद्या सकाळपासून गाईच्या 3.5 फॅट, 8.5 एसएनएफला दर ₹33 (आज ₹34). नवा दरतक्ता ॲपमध्ये आहे. दर कमी करताना ‘सुधारित’ लिहू नका. लोकांना वजाबाकी येते.

रात्री 9 ते पहाटे 5 फोन वाजवायचा नाही. अपवाद एकच, टँकर येणार नसेल तेव्हा : उद्या सकाळी टँकर येणार नाही, केंद्र बंद राहील. संध्याकाळी नेहमीच्या वेळी चालू. सकाळचं दूध घरी ठेवायची सोय करा.

सगळं एकदम चढवायला वेळ लागेल, हे माहीत आहे. ‘दूध परत गेलं’ आणि ‘बिल आणि बँक’ हे दोन भाग येत्या बिलाच्या आत घ्या. लॉगिन मागून आलं तरी चालेल.