आप्पांच्या गळ्यातील नळीबद्दल

बेळगाव, मंगळवार

काकू आणि दोन्ही दादांना नमस्कार,

काल आयसीयूच्या दाराशी उभ्या-उभ्या बोलणं झालं, तेव्हा काकू रडू लागल्या आणि माझं सांगणं अर्धंच राहिलं. पुण्याच्या दादांनाही वाचता यावं म्हणून लिहून देतोय.

आप्पांना व्हेंटिलेटरवर ठेवून आज बारा दिवस झाले. न्यूमोनिया उतरतोय. ताप नाही, आणि पहिल्या दिवशी ८० टक्के लागणारा ऑक्सिजन आता ४० टक्क्यांवर आलाय. अडलंय ते श्वासाच्या ताकदीपाशी. झोपेचं औषध थांबवून दोनदा त्यांना स्वतःच्या श्वासावर सोडून पाहिलं. परवा वीस मिनिटांतच श्वास मिनिटाला ३८ वर गेला, अंग घामानं भिजलं. वर्षानुवर्षांच्या विडीनं फुफ्फुसं आधीच थकलेली, आणि खोकलाही इतका क्षीण की कफ वर येत नाही. त्यांना सावरायला अजून बरेच दिवस लागतील असं मला वाटतं.

तोंडातली नळी तेवढे दिवस ठेवली तर स्वरयंत्राला आणि श्वासनळीला इजा होण्याचा धोका वाढत जातो. ती घशात टोचते, म्हणून झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि गुंगीत पडून राहिलं की हातपाय आणखी गळतात. ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे कंठाच्या खाली श्वासनळीत छोटं छिद्र करून तिथून आखूड नळी बसवणं. मग गुंगी बरीच कमी करता येते, कफ ओढणं सोपं जातं, तोंड स्वच्छ ठेवता येतं, आप्पांना खुर्चीत बसवता येतं. मशीनही थोडं थोडं करून काढता येतं.

काकू, "गळ्याला भोक पाडलं की माणूस घरी येत नाही" असं तुम्ही म्हणालात. ही भीती खानापूरकडच्या बऱ्याच घरांतून मी ऐकली आहे, कारण हे करायची वेळच मुळात फार आजारी माणसावर येते. श्वास सुधारला की नळी काढतात, आणि छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. सुरुवातीला आवाज निघणार नाही. त्यांना पाटी-पेन्सिल द्या. पुढे मशीन सुटत आलं की बोलण्यासाठी वेगळी झडप लावून पाहू.

धोके आहेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी कफानं तुंबणं किंवा निसटणं. क्वचित जिवावरही बेतू शकतं. म्हणून रक्त पातळ करणारं इंजेक्शन आदल्या रात्री थांबवू. हे काम भूल देऊन त्यांच्या खाटेवरच होईल, साधारण अर्धा तास. आप्पा बरे होतीलच असा शब्द मात्र मी देऊ शकत नाही. न्यूमोनियावरचं औषध ही नळी नव्हे.

गुरुवारी सकाळी करावं असं माझं मत आहे. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. सही करण्याआधी आमच्या सिस्टर ते मराठीत वाचून दाखवतील, त्याआधी अंगठा किंवा सही कुणी मागितली तर देऊ नका. तुम्ही नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत. तोंडातल्या नळीवरच प्रयत्न चालू ठेवू.

उद्या संध्याकाळी पाच वाजता मी इथेच आहे. पुण्याच्या दादांना फोनवर घ्या, सगळे मिळून बोलू.

आपला,
आयसीयूचे डॉक्टर