बालपुस्तकाच्या चित्रांसाठीचा करार: कामाची व्याप्ती, सुधारणा, मानधन आणि मालकी यांची कलमे

3. कामाची व्याप्ती. चित्रकार 32 पानी मराठी बालपुस्तकासाठी जलरंगातील 24 आतील चित्रे आणि मुखपृष्ठाचे एक चित्र तयार करून देईल. अंतिम चित्रे छापील आकारात 300 डीपीआयच्या टिफ फाइलींच्या रूपात 30 जून 2026 पर्यंत दिली जातील. अक्षरांकन, पानांची मांडणी आणि जाहिरातीसाठी लागणारी चित्रे या कामात धरलेली नाहीत.

4. सुधारणा. कच्च्या रेखाटनांच्या टप्प्यावर दोन फेऱ्या आणि रंगीत चित्रांच्या टप्प्यावर एक फेरी एवढ्या सुधारणा मानधनात समाविष्ट आहेत. प्रत्येक फेरीच्या सूचना प्रकाशकाने, लेखक व संपादक यांची मते एकत्र करून, रेखाटने किंवा रंगीत चित्रे मिळाल्यापासून 10 दिवसांत एकाच लेखी टिपणाने कळवाव्यात. त्या मुदतीत टिपण न आल्यास तो टप्पा मंजूर समजला जाईल. मंजूर रेखाटनानंतर कथेचा मजकूर, पात्र किंवा प्रसंग बदलल्यामुळे चित्र पुन्हा काढावे लागले, तर ती सुधारणा नसून नवे काम होय, आणि त्यासाठी प्रतिचित्र 2,000 रुपये वेगळे द्यावे लागतील. वाद बहुधा याच मुद्द्यावर होतात, म्हणून ही फोड येथे मुद्दाम केली आहे. चित्रकाराकडून मंजूर रेखाटनाच्या विपरीत काही घडल्यास ते विनामूल्य दुरुस्त केले जाईल.

5. मानधन. एकूण मानधन 90,000 रुपये असून सही होताच 27,000, सर्व रेखाटने मंजूर झाल्यावर 36,000 आणि अंतिम फाइली दिल्यावर 27,000 रुपये, कायद्याने लागू असलेली करकपात वजा करून, दिले जातील. पहिला हप्ता जमा होईपर्यंत काम सुरू होणार नाही. पुढील प्रत्येक हप्ता बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावा. चित्रकाराची उद्यम नोंदणी असल्याने, त्यानंतरच्या विलंबाला सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 मधील व्याजाची तरतूद लागू राहील. प्रकाशकाने काम मध्येच थांबवल्यास मिळालेला हप्ता परत मागता येणार नाही, आणि त्या टप्प्यावर झालेल्या कामाचे मानधन प्रमाणानुसार द्यावे लागेल.

6. मालकी. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणारा ठरतो, अशी तरतूद कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 17 मध्ये आहे. प्रस्तुत कलम हा तसा विरुद्ध करार आहे: सर्व चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील, आणि संपूर्ण मानधन मिळाल्याच्या दिवसापासून प्रकाशकाला ही चित्रे या पुस्तकाच्या मराठी छापील व ई-पुस्तक आवृत्त्यांत, जगभर, सात वर्षे वापरण्याचा अनन्य परवाना मिळेल. अनुवादित आवृत्त्या, दिनदर्शिका, खेळणी किंवा चलचित्र यांसाठी स्वतंत्र लेखी करार लागेल. कागदावरची मूळ चित्रे प्रकाशकाकडे गेली असल्यास फाइली तयार झाल्यापासून 15 दिवसांत सुस्थितीत परत करावीत. चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली छापले जाईल, आणि चित्रकाराच्या लेखी संमतीशिवाय कोणतेही चित्र कापून, उलटे करून किंवा रंग बदलून छापता येणार नाही.