नैवेद्याचं पान, पहिल्यांदा माझ्या हातचं

आज बाप्पाचा सगळा नैवेद्य मी रांधला. दरवर्षी आई करते, मी नारळ खवून देते आणि केळीची पानं पुसते. यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि गॅसपुढे मी.

फोटोतले मोदक तिसऱ्या खेपेचे आहेत. गेल्या रविवारी सराव म्हणून सारण केलं ते करपलं. गूळ आटत नाही म्हणून आच वाढवली, तेवढ्यात कुरिअरवाल्याने बेल वाजवली. परत आले तर कढईच्या तळाला काळा थर, दोन नारळ वाया. दुसऱ्यांदा सारण जमलं, पण उकड कोरडी झाली आणि वाफवताना एकेक मोदक नाकापासून उलला. मग दादरहून आंबेमोहराची ताजी पिठी आणली. खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतः वर येऊन शिकवून गेल्या. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. उकळी आली की पिठी घालून झाकण, दणदणीत वाफ, आणि उकड गरम असतानाच मळायची. हात पोळतात. गार पाण्यात बोटं बुडवत, भेगा जाईपर्यंत मळत राहायचं. एका मोदकाला अकरा कळ्या पडल्या, तोच पानात ठेवलाय. बाकीच्यांना सहा-सातच.

अळूचं फतफतं आत्याचं. चिंचेचा कोळ विसरू नकोस, घसा खाजेल, हे तिने फोनवर तीनदा बजावलं. बिरड्याचे वाल मावशीने सोलून डब्यातून पाठवले. सोलत बसले असते तर आज आरतीला संध्याकाळ झाली असती. गोडा मसाला शेजारच्या आजींच्या घरचा. मसालेभात मात्र मी तळाला लावला. करपट वास देवापुढे ठेवायला मन धजेना, म्हणून पानात साधा वरणभात, वर तूप आणि तुळशीचं पान.

सगळ्यात अवघड गेलं ते चव न घेता मीठ घालणं. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही. प्रत्येक भाजीला मी मीठ मुठीत घेऊन आईला दाखवायचे, ती दारातूनच मान हलवायची, मग घालायचे. कोशिंबिरीला तिला विचारायचं राहिलं आणि तीच अळणी झाली.

काकू, आत्या, मावशी, आजी, हे पान तुमचं आहे. आई, तुझं तर आहेच. इतकी वर्षं तू पहाटे चारला उठून हे एकटी करत होतीस आणि आम्ही साडेबाराला आयते पाटावर येऊन बसत होतो.

उद्या ऋषिपंचमी. अळू उरलंय, लाल माठ, सुरण आणि मक्याची कणसं आणून ठेवलीत. ऋषीची भाजी तुमच्या घरी कशी करतात, आज रात्रीपर्यंत सांगाल का?

#गणेशचतुर्थी #उकडीचेमोदक #नैवेद्य #मुंबई