आमचं ठरलं! (इयत्ता पहिली)

कुणी रडत असेल तर जवळ जाऊन "काय झालं?" विचारायचं. (हा नियम मुलांनी आपणहून सांगितला, म्हणून सगळ्यात वर.)
पेन्सिलीचं टोक मोडलं, तर शेजाऱ्याने आपली द्यायची.
बोलायचं असेल तर हात वर.
नळावर रांग, ढकलाढकली नाही.
चपला दाराबाहेर, जोडीने.

घरी न्यायचा करार
आई, बाबा, आजी, हे नियम आम्ही सगळ्यांनी मिळून केलेत. पोस्टरवर माझ्या अंगठ्याचा निळा ठसा आहे. दप्तर रात्री मीच भरणार. तुम्ही मला नियम रोज वाचून दाखवा. माझं चुकलं तर ओरडू नका, आठवण करा. कबूल असेल तर खाली सही करून हा कागद सोमवारी बाईंकडे पाठवा.