तलाव, नळ आणि विहीर: साध्या किटने पाण्याची तपासणी
(विज्ञान प्रकल्प अहवाल, इयत्ता नववी, वडोदरा)

उद्देश
दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या विहिरीचे पाणी नितळ आहे, तर सूरसागरचे हिरवट. नजरेवर भरवसा ठेवला तर विहीर पहिली येते आणि तलाव शेवटी. किटनेही हाच क्रम लागतो का, हे पाहायचे होते.

नमुने व पद्धत
नळ दोन मिनिटे वाहू देऊन मग बाटली भरली. क्लोरीन उडून जातो, म्हणून त्याची चाचणी नळाजवळच केली. विहिरीचे पाणी पोहऱ्याने काढले. तलावाचे पाणी काठावरून, सकाळी व दुपारी असे दोनदा घेतले. पीएचसाठी पट्टी, क्षारांसाठी टीडीएस मीटर, कठीणपणासाठी थेंब मोजण्याचे किट (लाल रंग निळा होईपर्यंत; एक थेंब म्हणजे 25 मिग्रॅ/लिटर) आणि जंतूंसाठी एचटूएस बाटली वापरली. जोडीला उकळून गार केलेल्या पाण्याचीही एक बाटली ठेवली.

निरीक्षणे (टीडीएस व कठीणपणा मिग्रॅ/लिटरमध्ये)

| | तलाव | नळ | विहीर |
|---|---|---|---|
| पीएच | सकाळी 8, दुपारी 9 | 7.5 | 7.5 |
| टीडीएस | 410 | 210 | 940 |
| कठीणपणा | 225 | 150 | 500 |
| एचटूएस बाटली | काळी | बदल नाही | काळी |

नळाच्या पाण्यात क्लोरीन 0.5 मिग्रॅ/लिटर आढळला. तेच पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवल्यावर सकाळी क्लोरीनच्या चाचणीत रंग आला नाही. उकळलेल्या पाण्याची बाटली काळी झाली नाही.

चर्चा
भारतीय मानक 10500 प्रमाणे टीडीएस 500 व कठीणपणा 200 पर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे 2000 व 600 पर्यंत चालतो. विहीर या सवलतीत बसते. तिच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे आजी आधीपासून सांगते. त्याचे कारण कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पण जंतूंना सवलत नाही. बाटली काळी होणे म्हणजे मैल्याशी संबंधित जिवाणू असण्याची शक्यता. टीडीएस मीटर हे सांगूच शकत नाही: तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, जंतू नाही. मीटरवरचा आकडा कमी आला की पाणी शुद्ध, असे घरोघरी समजतात, पण आमच्या तक्त्यात तलावाचा टीडीएस विहिरीच्या निम्म्याहून कमी आहे आणि बाटली दोघांचीही काळी आहे.

तलावाचा पीएच दुपारी वाढला तो शेवाळामुळे. उन्हात शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते, त्यामुळे आम्लता घटते. नमुन्याची वेळ लिहिली नसती तर हा फरक किटचा दोष वाटला असता.

शिफारस
विहिरीचे पाणी सध्या धुण्या-पुसण्यालाच वापरावे. पिण्याची वेळ आलीच तर उकळावे. उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले बहुतेक क्षार तसेच राहतात. एचटूएस चाचणी फक्त इशारा देते, म्हणून एक नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि विहिरीपासून गटार किती दूर आहे तेही मोजावे.