शेऱ्याचा रकाना

तहसीलमध्ये लागून मला तेव्हा सात महिने झाले होते. पद महसूल सहायक, टेबल संजय गांधीचं, म्हणजे निराधार योजनेचं, विधवा, दिव्यांग, ज्यांना बघणारं कुणी नाही असे सगळे आमच्याच खिडकीवर. मी अनुकंपावर लागलेली. पप्पा तलाठी होते, नोकरीत असतानाच हार्ट अटॅकनी गेले, धाकटा भाऊ बारावीला, त्यामुळे ऑर्डर माझ्या नावानी निघाली. ऑर्डरमध्ये अट होती की दोन वर्षांत टायपिंगचं सर्टिफिकेट द्यायचं, मराठी 30 आणि इंग्रजी 40 चं. मराठी निघालं होतं, इंग्रजीत एकदा नापास झाले होते. आणि हे जगदाळे भाऊसाहेबांना पक्कं माहीत होतं.

जगदाळे भाऊसाहेब म्हणजे आमचे अव्वल कारकून. सत्तावीस वर्षं सर्व्हिस. कुठला शासन निर्णय कधीचा, कुठल्या फायलीला काय जोडायचं, सगळं तोंडपाठ, खरं सांगते मी काम त्यांच्याकडूनच शिकले. पण माणूस असा की समोरच्याला उभं ठेवूनच बोलणार. खुर्ची रिकामी असली तरी बसा म्हणणार नाही. फाईल चुकली की ती टेबलावर द्यायच्या ऐवजी खाली टाकायचे, मग आपण वाकून उचलायची, सगळ्या शाखेसमोर. एकदा नुसतं "पण भाऊसाहेब, यादीत तर" एवढं म्हणाले तर म्हणे, "पण हा शब्द कायम झाल्यावर वापरायचा. आधी टायपिंग काढ." त्या दिवसानंतर मी हो भाऊसाहेब याच्या पुढे काही बोललेच नाही.

अजून एक गोष्ट सांगते, ती सांगताना आजही बरं वाटत नाही. आवक रजिस्टर माझ्याकडे होतं. भाऊसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं की दिवस संपला की खाली दोन ओळी कोऱ्या सोडायच्या, नंबरासकट. का, ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. महिन्याभरात कळलं. कुणीतरी ओळखीचा माणूस येणार, त्याचा अर्ज मागच्या तारखेत बसवायचा, त्यासाठी ती जागा. मी तशा चार नोंदी माझ्या हातानी केल्यात. मोजून चार.

आता त्या बाईंचं. सविताबाई म्हणू, वय अडतीस, नवरा विहिरीच्या कामावर गेला होता तो दरड अंगावर पडून गेला. दोन पोरं. 12 जून 2024 ला त्यांनी अर्ज दिला. मला तो दिवस नीट आठवतो कारण लोकसभेची आचारसंहिता नुकतीच उठली होती आणि समितीची मीटिंग महिनाअखेरीस लागणार असं कळलं होतं, मी मुद्दाम बाईंना म्हणाले की वेळेत आलात, या मीटिंगला बसेल तुमचं. कागद मी एकेक तपासले होते. मृत्यूचा दाखला, राशनकार्ड, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला एकवीस हजाराच्या आतला, बँक पासबुकची झेरॉक्स. सगळं होतं. आवक नंबर टाकला, शिक्का मारला, पोच दिली. त्यांनी पोचेची घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी ब्लाऊजमध्ये.

अर्ज भाऊसाहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला. मुद्दाम दाबला असं मला नाही वाटत. त्यांच्या कपाटात फायलींची थप्पी अशी की खालचं वर यायला पावसाळा जातो. मीटिंग झाली, यादी लागली, त्यात नाव नाही. मग जुलैमध्ये लाडकी बहीण सुरू झाली आणि तहसीलची जत्राच झाली, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बायका सकाळी सातपासून गेटवर, कडेवर पोरं, वरून पाऊस. त्या गर्दीतनं सविताबाई तीनदा माझ्या खिडकीपर्यंत आल्या. तिन्ही वेळा मी भाऊसाहेबांना विचारलं, तिन्ही वेळा ते म्हणाले बघू. आणि मी बाहेर येऊन बाईंना म्हणायचे, प्रोसेसमध्ये आहे.

ऑगस्टमध्ये त्यांच्या पोरानी सायबर कॅफेत जाऊन आपले सरकारवर तक्रार टाकली. नववीतलं पोरगं. तक्रार कलेक्टर ऑफिसवरून खाली आली, तहसीलदार मॅडमनी खुलासा मागितला, तीन दिवसांत. त्या दिवशी कपाट उपसलं गेलं आणि अर्ज सापडला, जसा दिला तसा, टाचणीसुद्धा हललेली नाही.

संध्याकाळी सहा वाजता भाऊसाहेबांनी मला बोलावलं. शाखेत अजून तिघं होते, आणि नामदेव मामा, आमचे शिपाई, कपबशा गोळा करत होते. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून 12 जूनचं पान पुढे सरकवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "शेऱ्याच्या रकान्यात लिही. उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, त्रुटीपूर्ततेसाठी अर्ज परत. खाली तुझी सही, तारीख 13 जून."

मी म्हणाले, दाखला तर जोडलेला आहे.

"होता. आता नाही." त्यांनी अर्जावरची टाचणी काढली, दाखला बाजूला केला, ड्रॉवरमध्ये ठेवला. "लिही."

मला वाटलं होतं असं काही कधी झालंच तर आपल्याला खूप राग येईल. तसं काही झालं नाही. हात गार पडले आणि पोटात कालवलं. समोर माझंच अक्षर होतं, सविताबाईंचं नाव मी किती नीट लिहिलं होतं, वेलांटी गोल, आणि त्याच ओळीत पुढे त्याच अक्षरात मी लिहायचं की या बाईनी कागद दिला नाही. म्हणजे चूक तिची. ती तीनदा पावसात उभी राहिली ते तिच्याच चुकीमुळे. आधीच्या चार नोंदींत मी कुणालातरी आत घेतलं होतं, तेव्हा मनाला समजावता आलं की कुणाचं नुकसान तर नाही ना. इथे तसं समजावताच येईना. महिन्याचे दीड हजार रुपये. बाईंच्या घरी तेवढ्यात किती दिवस निघतात हे मला माहीत होतं, कारण पप्पा गेल्यावर मम्मीनी पेन्शन चालू होईपर्यंत कसं काढलं ते मी बघितलंय.

"काय, पेन नाही का?" भाऊसाहेब म्हणाले.

"मी नाही लिहिणार भाऊसाहेब."

आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकूच गेलं नाही बहुतेक. काय म्हणालीस, असं विचारलं. मग परत म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं, कारण आता बाकीचे तिघंही बघत होते.

"नाही लिहिणार. दाखला होता, मी स्वतः तपासलाय."

मग सुरू झालं. तुला लिहायला वाचायला कुणी शिकवलं, तुझा बाप माझ्या ओळखीचा होता म्हणून तुला हे टेबल दिलं, दुसरीला रेकॉर्ड रूममध्ये धुळीत बसवलं असतं, गोपनीय अहवाल कोण लिहिणार आहे माहितीये ना, टायपिंग नापास पोरगी मला नियम शिकवणार. मोठ्या आवाजात, टेबलावर हात आपटून. मी रडत होते, ते लपवत नाही, डोळ्यातनं पाणी येत होतं आणि पुसायलाही हात उचलत नव्हता. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात होती. पप्पा घरी सांगायचे की वरच्यानी नको ते काम सांगितलं की भांडायचं नाही, फक्त म्हणायचं लेखी द्या. तेवढंच.

"मग मला लेखी आदेश द्या," मी म्हणाले. "तुम्ही लिहून द्या की शेरा मार, 13 तारखेचा. मी त्या आदेशाचा नंबर टाकून मारते."

खोली एकदम गप्प. नामदेव मामांच्या हातातली बशी वाजली तेवढीच.

भाऊसाहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. म्हणाले, मीच लिहितो. मी म्हणाले, लिहा, पण अक्षर तुमचं दिसेल आणि बाईंकडे पोच आहे.

"अशा लोकांकडे पोच राहत नसते. भिजून गेली असेल."

"त्यांनी प्लास्टिकमध्ये ठेवलीय. मी बघितलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. पेनचं टोपण काढलं होतं ते परत लावलं. आणि मला म्हणाले, "जा घरी."

मी घरी गेले नाही. म्हणजे लगेच नाही. आधी ड्रॉवरकडे हात करून म्हणाले, भाऊसाहेब, दाखला. हे बोलायचं धैर्य कुठून आलं मला खरंच सांगता येणार नाही, पहिल्या नाहीनंतर पुढचं सोपं जात असेल कदाचित. त्यांनी दाखला काढून टेबलाच्या कडेला टाकला, तो खाली पडला. मी वाकून उचलला. टाचणी लावली. मग लाल पेन घेतला आणि 12 जूनपासून त्या दिवसापर्यंत जितक्या कोऱ्या ओळी होत्या त्या सगळ्यांवर आडवी रेघ मारली, प्रत्येक रेघेवर सही आणि आजची तारीख. पन्नासेक दिवसांच्या ओळी, अर्धा तास लागला. एकेक जण निघून गेलं. मामा तेवढे थांबले, लाइट बंद करायचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी माझा वेगळा खुलासा मॅडमकडे दिला. अर्ज पूर्ण होता, 12 जूनला मिळाला, तीनदा विचारणा झाली, आणि खाली त्या चार जुन्या नोंदींचे नंबरही लिहिले. ते लिहिताना फार भीती वाटली, आदल्या संध्याकाळपेक्षा जास्त. मॅडमनी वाचलं, एवढंच विचारलं, हे तू स्वतःहून देतेयस ना? आठवड्यानी दोन ज्ञापनं निघाली, एक भाऊसाहेबांना, एक मला. माझ्या उत्तरावर मला सक्त ताकीद मिळाली. भाऊसाहेब त्याच खुर्चीवर राहिले. मला आता नावानी हाक मारत नाहीत, अहो मॅडम म्हणतात, पण बसा अजूनही म्हणत नाहीत.

सविताबाईंचं नाव सप्टेंबरच्या मीटिंगला मंजूर झालं. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत, हे नशीबच. मागचे महिने गेले ते गेले. मला तोवर निवडणूक शाखेत हलवलं होतं, ईव्हीएमच्या ट्रेनिंगच्या याद्या टाइप करत होते (इंग्रजीत, त्यानी स्पीड मात्र वाढला), तेव्हा त्या शोधत शोधत तिथे आल्या. पैसे जमा झाल्याचा मेसेज दाखवला. पोराचा मोबाईल होता, स्क्रीन तडकलेली. बसा म्हणाले, मामांनी चहा आणला. चहा झाल्यावर त्यांनी तीच प्लास्टिकची पिशवी काढली, घडी उलगडली, माझी सही, माझा शिक्का, 12 जून.

"मॅडम, काम झालं न्हवं आता. ही टाकून देऊ का?"

"नका टाकू," मी म्हणाले. "ठेवा जपून."

त्यांनी परत घडी घातली.